पाण्यातलं फ्लोराइड: किती हवं, किती काढायचं आणि कसं

(किनवट तालुक्यातील जलसुरक्षक, आशाताई आणि शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, दोन प्रकारची माणसं माझ्याकडे येतात. एक म्हणतात, फ्लोराइड दातांना चांगलं असतं, टूथपेस्टवर तसं लिहिलेलंच असतं. दुसरे म्हणतात, फ्लोराइड हे विष आहे, आमच्या गावात त्यानं माणसं वाकली. दोघंही खरं बोलतात. एकाच माणसाच्या आयुष्यभराच्या कामातून या दोन्ही गोष्टी कशा पुढे आल्या, ते आधी सांगतो.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचं शहर आहे. 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य तिथं दवाखाना थाटायला आला. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते, घासून न जाणारे. बाहेरून मोठेपणी आलेल्यांच्या दातांवर ते नव्हते. आणि मॅकेच्या लक्षात आलं, की या डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागते.

1923 मध्ये आयडाहो राज्यातल्या ओकली गावच्या पालकांनी त्याला बोलावलं. गावानं सुमारे आठ किलोमीटरवरच्या कोमट पाण्याच्या झऱ्यावरून नळ आणला, आणि त्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले. मॅकेनं पाणी तपासलं, संशयास्पद काही सापडलं नाही. तरी तो म्हणाला, हा नळ बंद करा, जवळच्या दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. गावानं ऐकलं. काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. दोष कशाचा हे कळायच्या आधीच त्यानं उपाय केला होता, आणि तो उपाय म्हणजे पाण्याचा स्रोत बदलणं. हे लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

1931 मध्ये चर्चिल नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञानं बॉक्साइट या गावच्या पाण्यात भरपूर फ्लोराइड शोधून काढलं आणि कोडं सुटलं. मग अमेरिकन सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे दात आणि पाणी शेजारी ठेवून पाहिलं. लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर उठून दिसणारे डाग जवळजवळ पडत नाहीत आणि कीड मात्र कमी होते.

यावरून 25 जानेवारी 1945 ला मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. तिथलं पाणी मिशिगन सरोवराचं, त्यात मुळात फ्लोराइड नगण्य. अकरा वर्षांनी डीन यांनी जाहीर केलं, की फ्लोराइड सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये किडीचं प्रमाण 60 टक्क्यांहून जास्त घटलं. त्या काळात फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती. आज ती घरोघरी आहे, त्यामुळे पाण्यातून होणारा जादा फायदा आटला आहे. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2024 च्या आढाव्यात तो दर मुलामागे सरासरी पाव दुधाच्या दाताइतका निघाला. तरी तो शून्य झालेला नाही. कॅनडातल्या कॅलगरीनं 2011 मध्ये फ्लोराइड बंद केलं, तिथं मुलांची कीड शेजारच्या एडमंटनपेक्षा वाढल्याचं दिसलं, आणि 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. ज्या गरीब घरात ब्रश आणि दंतवैद्य दोन्ही दूर आहेत, त्या घरासाठी हा फायदा अजून खरा आहे, असं माझं मत आहे. पण अमेरिकेनंही आता 0.7 मिलिग्रॅमवर थांबायचं ठरवलंय.

भारतात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत, आणि आपल्या तालुक्यात तर प्रश्न नेमका उलटा आहे. भारतीय मानकाप्रमाणे 1 मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. उन्हाळ्यात आपण अमेरिकेतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो, म्हणून आकडा तोच असला तरी आपल्या पोटात जास्त फ्लोराइड जातं. आठ वर्षांच्या आत, दाताचं आवरण घडत असताना जास्त फ्लोराइड गेलं की आडव्या पांढुरक्या रेघा, मग तपकिरी पट्टे येतात, आणि ते दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात. एकाच दातावर डाग असेल तर कारण दुसरं शोधा. फ्लोराइड त्याहून जास्त असेल आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर पाठ, मान, गुडघे आखडतात. आपल्याकडे 1937 मध्येच तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, नेल्लोर भागात, हा आजार नोंदला गेला होता.

फ्लोराइड येतं कुठून? खडकातून. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, पण आपल्या बाजूला ग्रॅनाइट आहे, आणि त्यातल्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी खोल भेगांत वर्षानुवर्षं मुरत राहिलं की ते विरघळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी आणि सोड्यासारखे क्षार जास्त असतील, तर फ्लोराइड पाण्यातच राहतं. म्हणून खोल बोअरचं, जिभेला मऊ लागणारं, डाळ छान शिजवणारं पाणी चांगलंच असेल असं धरून चालू नका. पन्नास पावलांवरच्या आडाचा आणि हापशाचा आकडा वेगळा येऊ शकतो, त्यामुळे गावाचा एक आकडा असं काही नसतं. प्रत्येक स्रोत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासा.

आता काढायचं कसं. आधी एक स्पष्ट करतो: उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते दाट होतं. साध्या कँडलच्या फिल्टरनं जात नाही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकूनही जात नाही.

नागपूरच्या नीरी संस्थेनं 1970 च्या दशकात बसवलेली एक पद्धत आहे, नळगोंडा पद्धत. त्यात तुरटी, चुना आणि टीसीएल लागतं. ही तिन्ही तुमच्या गावात मिळतात, म्हणून ती नीट सांगतो. समजा हापशाच्या पाण्याचा रिपोर्ट आला: फ्लोराइड 3 मिलिग्रॅम, अल्कलिनिटी 400. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल जिरवायची ताकद. ती फार महत्त्वाची, कारण तुरटीचा डोस तिच्यावरही ठरतो. नीरीच्या तक्त्यात या जोडीला लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम तुरटी लागते. अल्कलिनिटी 200 असती तर सुमारे 300 पुरली असती. पाच माणसांच्या घराला पिण्या-शिजवण्यापुरतं दिवसाला 40 लिटर पाणी धरा. म्हणजे तुरटी 16 ग्रॅम. चुना तुरटीच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे एक ग्रॅमच्या आतच. हे अंदाजानं चिमूट-चिमूट टाकू नका. पहिल्यांदा सोनाराच्या काट्यावर मोजून घ्या आणि तेवढ्याच मापाचा चमचा ठरवा.

तळापासून चार-पाच बोटं वर तोटी असलेला पिंप घ्या. पाणी भरून आधी चुना आणि टीसीएल टाकून ढवळा. मग तुरटी थोड्या पाण्यात विरघळवून ओता, मिनिटभर जोरात ढवळा आणि पुढे दहा मिनिटं अगदी संथ. कापसासारखे पुंजके दिसू लागतील. ते फ्लोराइडला धरून ठेवतात. जोरात ढवळत राहिलात तर ते फुटतात आणि नीट बसत नाहीत. तासभर पिंपाला हात लावू नका. मग तोटीनं वरचं पाणी काढा, दुहेरी फडक्यातून गाळा, दुसऱ्या भांड्यात भरा. पाणी रात्रभर त्याच साक्यावर ठेवलं तर फ्लोराइड परत पाण्यात उतरू शकतं.

बिघडतं कुठे? लिटरला 400 मिलिग्रॅम तुरटी साधारण 200 अल्कलिनिटी खाऊन टाकते. आपल्या उदाहरणात 400 होती, 200 उरली, काम भागलं. पण मुळातच अल्कलिनिटी कमी असेल आणि चुना विसरलात, तर पाणी आंबट होतं आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात राहून जातं. ते शरीराला नको आहेच, पण त्यात आणखी एक फसगत आहे. गावच्या पाणी तपासायच्या किटमधलं औषध फ्लोराइड वाढेल तसं लालाचं पिवळं होतं. पाण्यात ॲल्युमिनियम उरलं असेल तर ते फ्लोराइडला बांधून ठेवतं आणि किट खोटा, कमी आकडा दाखवतं. म्हणून तुरटीनं शुद्ध केलेल्या पाण्याची खात्री किटवर करू नका. नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि फ्लोराइडसोबत ॲल्युमिनियमही तपासायला सांगा. शिवाय पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 1500 मिलिग्रॅमच्या वर असतील तर ही पद्धत वापरूच नका. तुरटीनं सल्फेट आणखी वाढतं.

दुसरा मार्ग ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाच्या फिल्टरचा. पांढऱ्या दाण्यांतून पाणी हळू गळतं आणि फ्लोराइड दाण्यांना चिकटतं. रोजचा व्याप कमी. पण काही आठवड्यांनी-महिन्यांनी दाणे भरतात, आणि पाणी तसंच स्वच्छ, तसंच चवीचं येत राहतं. भरलेले दाणे कॉस्टिक सोडा आणि मग आम्लानं धुवावे लागतात, ते काम घरात करायचं नाही. ते धुणार कोण, कधी, कुठे, हे लिहून घेतल्याशिवाय फिल्टर वाटप स्वीकारू नका. आरओच्या प्लांटलाही हेच लागू आहे. मेम्ब्रेन खराब झालं की जारमधलं पाणी थंड आणि चकचकीतच असतं. दर महिन्याला प्लांटच्या तोटीचं फ्लोराइड तपासा. आरओचं टाकाऊ पाणी, पिंपातला साका, फिल्टर धुतलेलं पाणी, या सगळ्यात काढलेलं फ्लोराइड असतं. विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतलंत तर ते पुन्हा आपल्याकडेच येणार.

म्हणून माझा कल ओकलीच्या उपायाकडे आहे. आधी गावातले सगळे आड, विहिरी, हापसे तपासा. कमी आकड्याचा स्रोत असेल तर तो पिण्या-शिजवण्यासाठी राखून ठेवा आणि जास्त आकड्याच्या हापशाला लाल रंग द्या. आंघोळ, धुणीभांडी त्या पाण्यानं खुशाल करा, फ्लोराइड कातडीतून धोका होईल इतकं जात नाही. शिजवायला मात्र ते नको, कारण वरणात आणि चहात ते पाणी पोटातच जातं. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच. शाळेच्या पत्र्यावरचं पाणी पहिली सर वाहून जाऊ देऊन टाकीत धरलं, तर मुलांच्या पिण्याची काही महिन्यांची सोय होते. आणि मुलांच्या ताटात दूध, ताक, शेवग्याची भाजी असू द्या. कॅल्शियम पोटात असलं की फ्लोराइड कमी शोषलं जातं.

शेवटी एका बाईंनी विचारलं, मग आमच्या गावात टूथपेस्टही बंद करायची का? ताई, मोठ्यांनी बंद करायची गरज नाही. पेस्ट थुंकून टाकतो, पाणी गिळतो. सहा वर्षांखालच्या लेकरांना मात्र थुंकणं नीट जमत नाही, ती पेस्ट गिळतात. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी पेस्ट लावा, आणि ब्रश संपेपर्यंत शेजारी उभ्या राहा. तुमच्या हापशाचा आकडा 1.5 च्या वर असेल तर पाणी बदलेपर्यंत त्या वयाच्या मुलांना बिनफ्लोराइडची पेस्ट दिलेली बरी. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, घेताना वाचून घ्या.