आईवडिलांचा अर्धा वाटा

(डहाणूत तालुक्यातल्या वकिलांसमोर आणि बँक कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

तुमच्या भागात चिकूच्या वाड्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी पारशी-इराणी कुटुंबांच्या आहेत. म्हणून सुरुवात वाडीपासूनच करतो. नावं, गाव, आकडे माझे आहेत, पण अशी प्रकरणं माझ्या टेबलावर येतात.

सेहेचाळीस वर्षांचा एक पारशी गृहस्थ अचानक गेला. मृत्युपत्र नाही. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी, आणि म्हातारे आई-वडील, दोघंही हयात. वाडी, ठेवी, थोडे शेअर असं सगळं धरून, अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज फेडल्यावर १ कोटी ४ लाख रुपये उरले. प्रश्न एवढाच की कोणाला किती.

सवयीचं उत्तर दोन प्रकारे येतं. हिंदू कायद्याची सवय असलेला माणूस म्हणतो, बायको, मुलं आणि आई, चौघांना समान. वडील पहिल्या वर्गात नाहीत, त्यांना काही नाही. दुसरा म्हणतो, संसार त्याचा, वारस बायको आणि मुलं, आईवडिलांचा काय संबंध? दोन्ही उत्तरं इथे चूक आहेत. पारशी माणसाला लागू होतो भारतीय वारसा कायदा, १९२५, त्यातला पारशांसाठीचा स्वतंत्र भाग, कलम ५० ते ५६. आपल्या प्रकरणाचा निकाल कलम ५१ मध्ये आहे. ते म्हणतं की विधवा किंवा विधुर आणि प्रत्येक मूल यांना सारखा वाटा, आणि आईवडिलांपैकी जे हयात असतील त्या प्रत्येकाला एका मुलाच्या वाट्याच्या निम्मा.

‘त्या प्रत्येकाला’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. आईवडिलांना मिळून निम्मा नाही, दोघांना वेगवेगळा निम्मा. आणि एकच पालक हयात असेल, तर त्याला दोघांचा मिळून होणारा वाटा मिळत नाही, त्याचा स्वतःचा निम्माच राहतो.

हिशेब करताना रुपयांनी सुरुवात करू नका, भागांनी करा. मुलाचे दोन भाग धरले की पालकाचा एक भाग होतो, अपूर्णांक येत नाहीत. बायको दोन, मुलगा दोन, मुलगी दोन, वडील एक, आई एक; एकूण आठ. १ कोटी ४ लाखाचे आठ भाग केले की एक भाग १३ लाखांचा. म्हणजे बायको २६ लाख, मुलगा २६, मुलगी २६, वडील १३, आई १३. बेरीज जुळते.

मी पाहिलेली नेहमीची चूक अशी. कारकून आधी बायको आणि दोन मुलं अशा तिघांत रक्कम वाटतो, प्रत्येकी सुमारे ३४ लाख ६७ हजार, आणि मग आईवडिलांना त्याच्या निम्मे म्हणजे सतरा-सतरा लाख लिहितो. बेरीज करून पाहा, १ कोटी ३८ लाखांच्या वर जाते. मृत माणसाने न कमावलेले चौतीस लाख कागदावर उगवतात! सगळे वारस एकदम बसवून भाग काढायचे, एकाला देऊन उरलेल्यात दुसऱ्याला बसवायचं नाही. फक्त आई हयात असती, तर भाग सात झाले असते. आईचा सातवा हिस्सा, म्हणजे सुमारे १४ लाख ८६ हजार. वडील नाहीत म्हणून त्यांचे तेरा लाख आईकडे सरकले नाहीत. ते चौघांमध्ये प्रमाणात मिसळले.

हा समान वाटा किती जुना आहे? फार नाही. १८६५ च्या पारशी वारसा कायद्यात मुलाचा वाटा विधवेच्या दुप्पट होता आणि विधवेचा मुलीच्या दुप्पट. म्हणजे मुलगी भावाच्या चौथाईवर. पुढे सुधारणा झाल्या, पण १९९१ पर्यंत पुरुषाच्या इस्टेटीत मुलगा आणि विधवा मुलीच्या दुप्पट घेत, वडिलांना मुलाच्या निम्मा आणि आईला मुलीच्या निम्मा. तोच १ कोटी ४ लाख त्या हिशेबाने मांडला तर तेरा भाग होतात: विधवा आणि मुलगा प्रत्येकी ३२ लाख, मुलगी १६, वडील १६, आई ८. त्या वर्षीच्या दुरुस्तीने मुलीला आणि आईला वर आणलं. आजही जुन्या प्रकरणात, म्हणजे माणूस दुरुस्तीआधी गेला आणि वाटणी राहून गेली अशा वाडीत, मृत्यूच्या तारखेचा कायदा लागतो. म्हणून वारसाची फाइल हातात आली की मी पहिल्यांदा मृत्यू दाखल्यावरची तारीख बघतो.

मला स्वतःला एक गोष्ट खटकते. १९९१ नंतरही एका जागी जुना भेद राहिलाय. मृताआधी त्याचा विवाहित मुलगा गेला असेल, तर कलम ५३ प्रमाणे त्या मुलाची विधवा आणि मुलं त्याचा वाटा घेतात. आधी गेलेली मुलगी असेल, तर तिचा वाटा फक्त तिच्या मुलांत समान जातो, जावयाला काही नाही. सुनेला स्थान आहे, जावयाला नाही. आणि सुनेने सासऱ्याच्या हयातीत पुन्हा लग्न केलं असेल, तर तिचंही जातं.

आता वाडीच्या सातबाराकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. त्याच्यासमोर बहुतेक अर्ज हिंदू कुटुंबांचे असतात, हात आपोआप तसा वळतो. बायको, मुलगा, मुलगी, आई अशी नावं लागतात, वडील गळतात. त्याचा दोष मोठा नाही. अर्ज लिहिणाऱ्यानेच वंशावळीत वडिलांना ‘वारस नाही’ म्हणून सोडलेलं असतं. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा हरकतीची मुदत असते, तेव्हाच बोललं तर एका अर्जात काम भागतं. दुसरी अडचण अशी की नावं बरोबर लागली तरी पुढे हिस्सा लिहिलेला नसतो, आणि मग पाच नावं म्हणजे पाच समान हिस्से असा समज पसरतो. वारस नोंद हक्क देत नाही, हक्क कायद्याने मृत्यूच्या क्षणीच आलेला असतो. पण खरेदीदार सातबारा बघूनच येतो. म्हणून अर्जातच लिहा: बायको व मुलं प्रत्येकी २/८, आई व वडील प्रत्येकी १/८, भारतीय वारसा कायदा कलम ५१.

बँकेतल्या मंडळींसाठी एक वाक्य. ठेवीवर बायकोचं नामनिर्देशन असलं, तर पैसे तिच्या हाती द्या. पण ते पैसे नामनिर्देशनाने तिच्या मालकीचे होत नाहीत. वारसांतला हिशेब आठ भागांचाच राहतो. मुंबईतल्या पारशी बागेतल्या भाड्याच्या घराचं मात्र वेगळं आहे. तिथली भाडेदारी भाडेनियंत्रण कायद्याने, मृत्यूसमयी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाते, ती या आठ भागांत टाकू नका.

आता त्या तेरा लाखांचं पुढे काय होतं, हे सांगतो, कारण तिथे सुनेला धक्का बसतो. समजा वाटणी व्हायच्या आधी, मुलगा गेल्यावर तीन महिन्यांत, वडीलही गेले. सून म्हणते, त्यांचा वाटा आता आमच्याकडेच परत आला. तसं नाही. वडिलांचा हक्क मुलाच्या मृत्यूच्या दिवशीच पक्का झालेला होता, वाटणीची वाट बघत नव्हता. आता तो वडिलांच्या वारसांकडे जातो. त्यांना बायको आहे, पुण्यात दिलेली एक मुलगी आहे, आणि आधी गेलेला हा मुलगा. तेरा लाखांचे तीन सारखे भाग: एक आईला, एक पुण्याच्या मुलीला, आणि एक मृत मुलाच्या शाखेला. प्रत्येकी सुमारे ४ लाख ३३ हजार. ज्या नणंदेचा या वाडीशी काहीही संबंध नव्हता, ती आता वाडीची सहमालक झाली, आणि विक्रीच्या खतावर तिची सही लागणार. मृताला मुलंबाळं आहेत म्हणून भाऊ-बहीण वारस नाहीत, हे खरं. पण आईवडिलांच्या वाट्यामधून ते दारातून आत येतात. हे टाळायचं असेल तर वडिलांनी हयातीत मृत्युपत्र करावं, किंवा आपला हिस्सा नोंदणीकृत दस्ताने सुनेला-नातवंडांना सोडावा. साध्या कागदावरची ‘माझी काही हरकत नाही’ ही चिठ्ठी स्थावरासाठी उपयोगाची नाही. दोन म्हाताऱ्यांना दुःखाच्या पंधरा दिवसांत असल्या चिठ्ठीवर सही करायला लावणाऱ्या नातलगांचाही मला राग येतो, आणि सही करून घेणाऱ्या वकिलांचा त्याहून.

एका तरुण वकील बाईंनी मघाशी विचारलं, मुलाने आंतरधर्मीय लग्न केलं असेल तर? चांगला प्रश्न, आणि उत्तर बहुतेकांना माहीत नसतं. लग्न विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे निबंधकासमोर, झालं असेल, तर त्या कायद्याचं कलम २१ सांगतं की वारसा १९२५ च्या कायद्यानेच, पण पारशांचा खास भाग त्यातून वगळला आहे असं समजून. मग सर्वसाधारण नियम लागतो: एक तृतीयांश विधवेला, दोन तृतीयांश मुलांना. आईवडिलांना शून्य. आपल्या गृहस्थाचं लग्न तसं असतं, तर दोन मुलं असल्यामुळे तिघांना सुमारे ३४ लाख ६७ हजार मिळाले असते, आणि आईचे तेरा व वडिलांचे तेरा लाख गेले असते. म्हणून पारशी कुटुंबाच्या फाइलीत मी मृत्यूच्या तारखेनंतर दुसरी गोष्ट बघतो ती विवाहाचा दाखला, आणि त्यावर कोणत्या कायद्याचं नाव छापलंय ते.

आणि मूल नसेल तर? मग गणित उलटं फिरतं. विधवेला निम्मा, ५२ लाख. उरलेला निम्मा आईवडिलांत सारखा, २६-२६. मुलांसोबत ज्यांना तेरा मिळाले, त्यांना मुलांशिवाय दुप्पट. मात्र आधी गेलेल्या मुलाची विधवा किंवा मुलीचा विधुर मागे असेल, तर ते वेगळं प्रकरण होतं, कारण तेव्हा विधवेचा निम्मा तृतीयांशावर येतो. असा अर्ज आला तर तो माझ्याकडे पाठवा, चहाच्या वेळी बसून मांडू.