तीन कप पाणी आणि एक खार

(दृश्य: निंबाखाली ठेवलेलं मातीचं परळ. कावळा काठावर, चोच उघडी.)

मार्च संपत आलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात शाळा आता सकाळची भरते. साडेदहा वाजले की पत्रे तापू लागतात. शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्यात, बांधावर त्यांचे ढीग लागलेत.

हा कावळा चोच उघडी ठेवून बसलाय. तो ओरडत नाहीये, धापा टाकतोय. पक्ष्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून अंगातली उष्णता ते अशी तोंडावाटे बाहेर टाकतात. त्यात पाणी खर्च होतं आणि म्हणून तहान जास्त लागते.

आता बघा. शिळ्या भाकरीचा तुकडा त्यानं परळात बुडवला. थोडा थांबला. तुकडा मऊ झाला, मग गिळला.

डावीकडून, निंबाच्या खोडावरून, खार उतरतेय. डोकं खाली, शेपटी वर. काठापर्यंत पोहोचते, आणि कावळा एक उडी मारून तिला हाकलतो. ती खोडावर चढते, परत येते. तो पुन्हा हाकलतो. परळ भरलेलं आहे, दोघांनी पोटभर प्यायलं तरी उरेल एवढं. पण कावळ्याला कोण सांगणार!

(दृश्य: खिडकीतून बघणारी मुलं.)

जिल्हा परिषद शाळेच्या पहिली-दुसरीच्या वर्गाला हे रोज दिसतं. मॅडमना मुलांसाठी वाचायला सोप्पं, त्यांच्याच अंगणातलं पुस्तक हवं होतं. गोष्ट तर खिडकीबाहेरच चालू होती. तहानलेला कावळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यात फक्त खार आणायची आणि शेवटी कावळ्यानं तिला पाणी द्यायचं.

पहिल्या खर्ड्यात तसंच होतं. कावळा गोटे टाकतो, पाणी वर येतं, खार येते, कावळ्याला तिची दया येते, दोघं पितात. मॅडमनी वाचून दाखवलं. मागच्या रांगेतून लगेच आवाज आला.

"मॅडम, कावया कायले देईन?"

प्रश्न रास्त होता. हाच कावळा खिडकीबाहेर खारीला हाकलत होता. पानावर आल्या आल्या तो एकदम शहाणा कसा झाला? मोठी माणसं असल्या जागी एक उपदेशाचं वाक्य घालून मोकळी होतात. इथं ते वाक्य खोडलं गेलं, आणि माझ्या मते पुस्तक तिथंच बचावलं. कावळ्यानं पाणी द्यायचं तर त्याचं कारण माठातच सापडायला हवं होतं.

म्हणून वर्गात माठ आला. पण मातीच्या माठातलं पाणी बाहेरून दिसत नाही. मॅडमनी घरून लोणच्याची काचेची बरणी आणली. चहाच्या कपानं मोजली तर तिच्यात दहा कप पाणी मावत होतं.

(दृश्य: बरणी, कप, जमिनीवर पसरलेले गोटे. मुलांचे हात.)

बरणीत तीन कप पाणी ओतलं. काचेवर स्केचपेननं रेघ मारली. आता गोटे.

पहिल्या खेपेला मुलांनी शाळेमागच्या बांधकामावरून विटांचे तुकडे आणले. तुकडा पाण्यात पडला की त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे निघायचे. हे अगदी जवळून टिपता आलंय, बघा, एका बाजूनं बुडबुड्यांची माळच सुटलीय. वीट आतून सच्छिद्र असते. त्या छिद्रांतली हवा बाहेर येते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. म्हणजे तुकडा एकीकडे पाणी वर ढकलतो आणि दुसरीकडे स्वतःच पितो.

"मॅडम, हे तं पानी पिऊन राह्यले!"

विटा बाद झाल्या. मग नाल्यातून काळे गोटे आले, बोराएवढे, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले. हा आपल्या भागातला काळा पाषाण, त्यात पाणी जवळपास मुरत नाही.

एकेक गोटा आत. टप्. पाणी रेघेच्या वर सरकलं. टप्. अजून थोडं. सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला, "एक गोटा टाकला, पाणी वर आलं." हेच पुढे पुस्तकातलं पालुपद झालं. नवं वाचणाऱ्या मुलाला पालुपदाचा फार आधार असतो. दोन पानं अडखळत वाचलं की तिसऱ्या पानावर ओळखीची ओळ भेटते आणि जीव भांड्यात पडतो.

आणि मग पाणी थांबलं.

(दृश्य: बरणीवर कॅमेरा स्थिर. गोटे काठापर्यंत, पाणी त्यांच्या खाली.)

गोटे बरणीच्या तोंडाशी आले, पण पाणी पाऊण उंचीपर्यंतच. आणखी गोटा टाकायला जागा नाही, टाकला तर घरंगळून बाहेर पडतो. चोच आत घालावी तर आता गोटेच आडवे.

"गोटे भरले पन पानी नाई आलं!"

कारण काचेतून स्पष्ट दिसतं. गोल गोटे एकमेकांना जागोजागी टेकतात, मध्ये फटी राहतात. गोट्यांनी काठोकाठ भरलेल्या बरणीत साधारण दहातला सहा भाग दगड असतो आणि चार भाग फटी. दहा कपांच्या बरणीत चार कपांच्या फटी. आपलं पाणी तीन कप. ते सगळं फटींतच मावलं, काठापर्यंत यायला उरलंच नाही. चार कप असतं तर जेमतेम काठाशी आलं असतं. मॅडमनी नंतर पाच कप घेऊन पाहिलं, तेव्हा गोटे पुरते भरायच्या आतच पाणी बाहेर सांडलं. म्हणजे आपला जुना हुशार कावळा हुशार होताच, पण त्याच्या नशिबानं माठही बराच भरलेला असणार.

युक्ती खोटी नाही, हेही सांगायला हवं. 2009 साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक नावाच्या पक्ष्यांपुढे पाण्याची उभी नळी ठेवली होती. पाण्यावर अळी तरंगत होती आणि शेजारी दगड. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. पण तिथं लालूच अळीची होती, तहानेची नव्हती.

तर वर्गात कावळा अडकला होता. खार अजून बाहेर होती.

(दृश्य: ओट्यावर बसलेली मुलं. एका मुलीच्या मुठीतून रेती सांडतेय.)

उपाय सापडला तो गोट्यांबरोबर आलेल्या घाणीतून. लाल रिबिनीच्या पोरीनं पिशवीच्या तळाशी राहिलेली रेती, टाकून द्यायची म्हणून, बरणीच्या तोंडाशी झटकली. रेती गोट्यांवर थांबली नाही. फटींतून झरझर खाली गेली, आणि पाणी बोटाच्या पेराएवढं वर आलं.

हा भाग संथ गतीनं पुन्हा दाखवतोय. तिळाएवढे कण आहेत. दोन गोट्यांच्या मधल्या वाटेनं एकेक कण खाली घसरतो, तळाशी बसतो, आणि त्या जागेतलं पाणी वर निघतं. कण ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठे घेतले तर ते मध्येच अडकतात, वर झाकण बसल्यासारखं होतं आणि खालच्या फटी रिकाम्याच राहतात. असं झालं हे ओळखायचं कसं? रेती वर साचते आणि पाणी जागचं हलत नाही. मुलांनी तेव्हा झाडूची काडी आत घालून हलवलं.

दोन कपांच्या आतच रेती गेली आणि पाणी काठाला लागलं.

गोष्टीतली अडचण इथं सुटली. मोठे गोटे उचलणं कावळ्याच्या चोचीचं काम, बारीक रेती आणणं खारीचं. खरी खार काही तोंडात रेती भरून माठात टाकत नाही, ती गोष्टीतली खार आहे. पण एकट्या कावळ्याचं पाणी पाऊण उंचीवर अडतं, हे मात्र गोष्टीतलं नाही, बरणीतलं आहे. कावळा आता पाणी देतो कारण ते पाणी त्याच्या एकट्याचं उरलेलंच नाही.

(दृश्य: फळ्यावर ओळी. खोडणं, पुन्हा लिहिणं.)

मग लिहिणं सुरू झालं, आणि तेच जास्त चिवट निघालं. पहिलीच्या मुलाला जोडाक्षर आलं की तो थांबतो. 'त्याने', 'तिच्या', 'गोट्यांत', 'नाल्यावर', सगळी जोडाक्षरं. म्हणून पुस्तकात 'त्याने' नाहीच, दर वेळी सरळ 'कावळा'. नाला गेला, नुसती रेती राहिली. 'तहानलेला' हा शब्द लांब आहे, पण एकेक अक्षर सुटं वाचता येतं, म्हणून तो राहिला. एका पानावर दोन-तीन छोटी वाक्यं, बाकी चित्र. चित्रातला माठ काचेसारखा आरपार, कारण आतलं पाणी दिसलं नाही तर गोष्टच कळत नाही. पाण्याची निळी रेघ प्रत्येक पानावर बरणीत होती तिथंच काढायची, असा मुलांचा नियम. एका चित्रात ती अर्ध्यावर आली होती, ते चित्र पुन्हा काढावं लागलं.

ऐका.

(दृश्य: दुसरीतला मुलगा बोट ठेवून वाचतोय.)

ऊन तापलं होतं. कावळा तहानलेला होता.

माठ होता. पाणी खूप खाली होतं.

एक गोटा टाकला. पाणी वर आलं.

खार आली. "मला पण पाणी दे ना."

"नाही. हे पाणी माझं."

एक गोटा टाकला. पाणी वर आलं.

गोटे काठावर आले. पाणी आतच राहिलं. चोच आत जाईना.

खार रेती घेऊन आली. रेती टाकली. पाणी वर आलं!

अजून रेती. अजून पाणी. काठावर पाणी!

कावळा बाजूला सरला. "आधी तू पी."

खार पाणी पिते. मग कावळा पितो.

अकरा पानं गोष्टीची आणि एक मुखपृष्ठ, मिळून बारा. तीन कागद मधोमध दुमडले की बारा पानं होतात, म्हणून गोष्ट एवढीच. मध्ये सुईदोऱ्यानं दोन टाके. पुस्तकं आता वर्गातल्या दोरीवर टांगलेली असतात, मुलं ती घरी नेतात, वाचतात, परत आणतात.

बरणी मात्र अजून खिडकीत आहे, आणि दुसरीच्या पोरांनी तिचा पिच्छा सोडलेला नाही. दोन कप पाणी घेतलं, तेव्हा रेती ठासून भरल्यावर कसंबसं काठाशी आलं. मग एकच कप. गोटे भरले, रेती भरली, काडीनं हलवलं. पाणी काही वर येईना. रेतीच्या कणांतही फटी असतात, आणि एक कप पाणी त्यांतच गडप झालं.

"आता कावयानं का करायचं, मॅडम?"

मॅडमनी प्रश्न वर्गाकडे टोलवला. कोणी म्हणालं, अजून बारीक माती टाका. टाकली, तर चिखल झाला. शेवटी मागच्या रांगेतून तोच आवाज आला:

"मंग दुसरा माठ पाहू दे न त्याले. खारीले बी घेऊन जा मनाव."