फोनवरचे बुद्धिबळ : सात सेकंद आणि एक प्यादे

नमस्कार, श्रोतेहो. मोबाइलवर अनोळखी माणसाशी बुद्धिबळ खेळताना आपला सामना एकट्या प्रतिस्पर्ध्याशी नसतो, घड्याळाशीही असतो. हे मला पूर्वी तोंडपाठ होते, पण नीट कळले ते गेल्या महिन्यातल्या एका डावात. आज मी त्या एकाच डावाविषयी बोलणार आहे. घड्याळ, गुणांकन आणि खेळातला प्रामाणिकपणा या तिन्ही गोष्टी त्यात आल्या होत्या.

डाव 3+0 असा होता. यातला पहिला आकडा प्रत्येक खेळाडूला मिळालेल्या मिनिटांचा असतो आणि दुसरा, प्रत्येक चालीनंतर घड्याळात जमा होणाऱ्या सेकंदांचा. म्हणजे आम्हा दोघांना संपूर्ण डावासाठी तीन-तीन मिनिटे होती आणि त्यात भर पडणार नव्हती. शेवटी पटावर माझा राजा आणि एक हत्ती उरला, समोर राजा आणि एकच प्यादे. ते प्यादे अजून आपल्या मूळ घरातच होते, म्हणून मला निरुपद्रवी वाटले. माझ्या हत्तीला ते एका चालीत मारता येत होते, पण मी त्याच्या राजाला शह देत कडेला रेटायच्या मागे लागलो. त्या वेळी माझ्या घड्याळात सात सेकंद होते.

आता हिशेब पाहा. राजा आणि हत्ती मिळून एकट्या राजावर मात करायला, अगदी बिनचूक खेळले तरी, वाईट स्थितीत 16 चाली लागतात. माझ्यासारख्या साध्या खेळाडूला वीस-पंचवीस लागतात. सात सेकंदांत पंचवीस चाली म्हणजे एका चालीला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ, आणि फोनच्या काचेवर हत्तीला बोट लावून तो दुसऱ्या घरात नेण्यातच तेवढा वेळ जातो. माझी वेळ संपली आणि डाव मी हरलो.

इथला नियम नेमका समजून घेण्यासारखा आहे. वेळ संपली की डाव हरतो हे सगळे सांगतात. पण समोरच्याकडे निव्वळ राजा उरला असेल, तर वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटतो, कारण एकट्या राजाला मात देता येणे शक्यच नाही. प्यादे मात्र पुढे सरकून वजीर होऊ शकते, म्हणून एक प्यादे शिल्लक असले तरी विजय त्याचा. मी शह देत बसण्याऐवजी आधी ते प्यादे मारले असते, तर माझे घड्याळ शून्यावर गेले तरी अर्धा गुण माझ्या हातातून कोणी नेला नसता. तेव्हापासून वेळ संपत आली की मात शोधण्याआधी मी समोरच्याचे शेवटचे प्यादे शोधतो, आणि दुसरा मार्ग नसेल तर त्यासाठी हत्तीचाही बळी देतो.

याहून सोपा उपाय म्हणजे डाव निवडतानाच 3+2 घेणे. प्रत्येक चालीला दोन सेकंद परत मिळतात, आणि राजा-हत्तीची मात पाठ असलेल्याला ते पुरतात. ज्यांना विचार करायला आवडतो त्यांनी 10+5 किंवा 15+10 खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नवशिक्याने 1+0 चे डाव खेळून त्याची चाल सुधारत नाही, बोट तेवढे चपळ होते. आगाऊ चाल लावून ठेवण्याची सोय मात्र जपून वापरावी. समोरचा एखाद्या घरात येईलच असे गृहीत धरून आपण घोड्याने त्याला तिथे मारण्याची चाल लावतो, तो दुसरेच काही खेळतो, आणि आपला घोडा त्या रिकाम्या घरात फुकट जाऊन बसतो.

फोनचे म्हणून काही वेगळे धोके आहेत. मध्येच कोणाचा फोन आला, नेट गेले, तरी घड्याळ थांबत नाही, कारण ते आपल्या हातातल्या यंत्रात नसून सर्व्हरवर चालते. परत जोडणी झाली की त्याच डावात शिरता येते, पण गेलेला वेळ गेलेलाच असतो. हे केवळ आपल्यासारख्यांच्याच बाबतीत होते असे नाही. 30 ऑगस्ट 2020 रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारताची गाठ रशियाशी होती, आणि नाशिकचे विदित गुजराथी आपले कर्णधार होते. त्या दिवशी जगभर इंटरनेट सेवेत मोठा बिघाड झाला. नागपूरच्या दिव्या देशमुख आणि केरळच्या निहाल सरीन यांची जोडणी तुटली आणि दोघेही वेळेवर हरले. भारताने दाद मागितली, आणि जागतिक संघटनेने शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. आपल्या रोजच्या डावात अशी दाद मागता येत नाही, म्हणून खेळायला बसताना येणारे फोन बंद ठेवलेले बरे.

पुन्हा माझ्या डावाकडे वळतो. माझे गुणांकन सुमारे 1600 होते, समोरच्याचे 1400. दोनशे गुणांच्या फरकाचा अर्थ असा, की असे शंभर डाव झाले तर मला साधारण 76 गुण मिळावेत अशी त्या पद्धतीची अपेक्षा असते. म्हणून जिंकलो असतो तर माझे गुणांकन फक्त तीनेक गुणांनी वाढले असते, बरोबरीत तीनेकांनी कमी झाले असते, आणि हरल्यामुळे नऊ गेले. त्या एका प्याद्याची किंमत माझ्यासाठी सहा गुण ठरली. नवे खाते उघडणाऱ्याचे आकडे मात्र एकेका डावात शंभरानेही वरखाली होतात, कारण खेळाडू किती पाण्यात आहे हे त्या पद्धतीला अजून कळलेले नसते. त्या आकड्यांनी घाबरू नये. वडिलांच्या खात्यावर मुलाने खेळू नये, हेही याच कारणाने. दोघांच्या निकालांची सरमिसळ झाली की तो आकडा कोणाचाच राहत नाही, आणि समोर येणारा प्रत्येक खेळाडू फसतो.

शेवटच्या टप्प्यात तो माणूस इतक्या वेगाने चाली करत होता, की मला शंका आली. दुसऱ्या खिडकीत संगणकाला विचारून खेळणे, शेजारी बसलेल्या दादाने चाल सांगणे, दोन्ही नियमबाह्यच आहेत. तक्रारीचे बटण दाबण्याआधी मी डावाची नोंद उघडली आणि प्रत्येक चालीपुढचा वेळ पाहिला. संगणकाच्या साहाय्याने खेळणाऱ्याच्या नोंदीत बहुधा एक विचित्र सारखेपणा दिसतो. वजिराच्या बदल्यात वजीर मारण्याच्या उघड चालीलाही पाच सेकंद आणि अवघड बलिदानालाही पाचच. या माणसाने उलट मारायच्या चाली क्षणात केल्या होत्या, तर अठराव्या चालीला, जिथे त्याचा घोडा अडकला होता, तिथे तो तब्बल 31 सेकंद थांबला होता आणि तरीही चुकलाच होता. शेवटच्या त्याच्या झटपट चाली म्हणजे राजा एका घरातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात. त्याला विचार करण्याची गरजच नव्हती. माझे घड्याळ संपण्याची तो वाट पाहत होता, आणि नियमाप्रमाणे तो त्याचा हक्क होता.

मी तक्रार केली नाही. त्यालाच पुन्हा खेळण्याचे आमंत्रण पाठवले, या वेळी 3+2 चे.