तिघांचा कॉल लावायचा तर

बिल्डरशी तडजोडीचं बोलायचं म्हटलं की लोक वकिलाला फोन लावतात, मग बिल्डरच्या माणसाला लावतात आणि मर्ज दाबतात, झालं. मी स्वतः वकील, तरी मीही असंच करायचे. एका काकूंचा फ्लॅट, ताबा दोन वर्षं लांबलेला, आम्ही मागितले होते बारा लाख. पलीकडचा म्हणाला 'बरं, ठेवतो', आम्हाला वाटलं गेला, आणि काकू लगेच मला, "अहो मॅडम, आठ देतायत तर घेऊन टाकू, दिवाळीआधी मिटू दे." आणि पलीकडून खोकला आला!

तेव्हापासून माझ्याकडे दोन वेगळे कॉल असतात. अर्धा तास आधी फक्त मी आणि क्लायंट, त्यात किती खाली उतरायचं ते ठरतं, आणि हेही की आकडा मीच काढणार, काकूंनी फक्त पैसे कधी किती भरले एवढंच सांगायचं. तिघांचं झालं की सगळ्यांनी ठेवायचं, मग मी नव्याने फोन लावणार. कारण वकील-क्लायंटमधलं खाजगी बोलणं कायद्याने गुप्त असतं, पण समोरचा ऐकतोय तिथे गुप्त कसलं?

आदल्या दिवशी मेल जातो. त्यात कोण कोण असणार, कुठल्या नात्याने, आणि समोरच्याला सरळ विचारते, तुम्ही आकडा फायनल करू शकता की 'साहेबांना विचारतो' म्हणणार? दुसरं असेल तर साहेबांनाच बसवा. त्यांनी वकील दिला असेल तर त्याला वगळून बोलायचं नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. अजेंड्यात आधी ताब्याची तारीख, मग उशिराचं व्याज, पार्किंग शेवटी. तारीख आधी का, तर व्याज ताबा मिळेपर्यंत मोजतात, तारीखच नसेल तर आकडा हवेत राहतो.

त्याच मेलमध्ये वर 'विदाउट प्रेज्युडिस', म्हणजे आपले हक्क न सोडता, खाली एक ओळ, हे बोलणं तडजोडीपुरतं, रेरात किंवा कोर्टात वापरायचं नाही, रेकॉर्डिंग नाही, आणि दोघांकडून 'मान्य' असं उत्तर आल्याशिवाय मी लिंक पाठवत नाही. दिवाणी वादात अशा अटीवर दिलेली कबुली पुराव्यात येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 चं कलम 21, जुन्या कायद्यात 23 होतं. पण म्हणून करारातली ताब्याची तारीख कॉलवर निघाली की ती गुप्त झाली असं नाही हं, कागद कागदच राहतो. आणि सुरुवातीलाच विचारा, स्पीकरवर आहात का, खोलीत अजून कोण आहे?

त्याच संध्याकाळी काय ठरलं त्याचा मेल, पण कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींवर, सह्या होईपर्यंत काही मिटलं असं मी क्लायंटला म्हणू देत नाही.

काकूंचं शेवटी नऊवर मिटलं. त्या खोकल्यानंतर बाराचं नाव परत काढायला तोंडच उरलं नव्हतं.