गाईडला मीटिंग पुढे ढकलायचा मेसेज: रात्री दोनला लिहिलेला आणि सकाळी पुन्हा लिहिलेला

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवते आणि पीएच.डी.ची गाईडही आहे. आज मी फक्त एका मेसेजबद्दल बोलणार आहे. घरात अचानक कोणी आजारी पडलं, दवाखान्यात धावपळ चालू आहे आणि परवा तुमची प्रगतीची मीटिंग आहे. तेव्हा गाईडला काय लिहायचं?

ही गोष्ट माझ्याच एका विद्यार्थिनीची आहे. तिला विचारूनच सांगते आहे, नाव सांगणार नाही. तिचा विषय कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी. १२० बायांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, ८४ झाल्या होत्या. गुरुवारी, १८ सप्टेंबरला, सकाळी ११ वाजता समितीपुढे तिला प्रगती मांडायची होती. मंगळवारी संध्याकाळी तिचे बाबा वावरातून फवारणी करून आले. घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. पऱ्हाटी खांद्याएवढी झाली की फवारा अंगावरच येतो, हे इकडे कोणाला सांगायची गरज नाही. गावातून आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून रात्रीच मेडिकलला नेलं.

रात्री २ वाजून १० मिनिटांनी मला तिचा मेसेज आला. तो असा होता.

(स्क्रीनवर पहिला मेसेज)

"मॅडम सॉरी बाबांच्या पोटात औषध गेलं मेडिकलला आहोत परवाचं जमणार नाही सोमवारी नक्की येते प्लीज समजून घ्या"

आता एक गोष्ट आधीच सांगते. अशा वेळी कोणी काहीही लिहिलं तरी गाईडनं समजूनच घ्यायला पाहिजे. मी तिला सकाळी फोन केला तो बाबांची तब्येत विचारायला. पण फोन करायच्या आधी समितीच्या बाकीच्या सदस्यांना कळवावं म्हणून मी तो मेसेज पुढे पाठवायला घेतला आणि माझा अंगठा तिथेच थांबला.

आजच्या व्हिडिओचा सगळा मुद्दा या थांबलेल्या अंगठ्यात आहे. तुम्ही मेसेज गाईडला लिहिता, पण तो गाईडपाशी राहत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला संशोधकानं संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. गाईड त्या समितीचे निमंत्रक असतात. म्हणजे तारीख बदलायची तर गाईडला बाकी सदस्यांना कळवावं लागतं, संशोधन केंद्राच्या प्रमुखांना कळवावं लागतं, आणि ऑफिसात जे बाबू पत्र काढतात त्यांनाही. सगळ्यांना वेगवेगळं कोण लिहीत बसतं? तुमचाच मेसेज पुढे जातो.

म्हणून लिहिताना डोळ्यांपुढे फक्त मॅडम किंवा सर ठेवू नका. ज्या बाबूंना तुम्ही चार वेळाच भेटलात, तेही हा मेसेज वाचणार आहेत.

आता तिचे ते तीन शब्द बघा, "पोटात औषध गेलं". आपल्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. तिला म्हणायचं होतं की फवारणीत श्वासावाटे, अंगावाटे विष शरीरात गेलं. पण "पोटात औषध" हे शब्द विदर्भात कोणीही वाचले तर त्याच्या मनात वेगळाच अर्थ येतो. तो अर्थ मी कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवत नाही, तुम्हाला कळला असेल. शिवाय विषबाधेचा पेशंट आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, तशी नोंद होते, जबाब होतो. आधीच घरच्यांच्या मागे तो व्याप असतो. त्यात कॉलेजच्या चार फोनमध्ये हा मेसेज फिरला तर कुटुंबाच्या मागे नसता बोभाटा लागतो. आणि ती पोरगी हे सगळं फक्त एका मीटिंगसाठी लिहून गेली होती.

तर आजाराचं किती सांगायचं? माझं मत सांगते. कोण, कुठे आणि तुमचं तिथे असणं का गरजेचं, एवढं पुरे. "बाबा काल रात्रीपासून मेडिकलला भरती आहेत, सोबत राहणारी मी एकटीच आहे." यात आजाराचं नावही नाही, तरी काही लपवलंय असं वाटत नाही. गाईडला जास्त सांगावंसं वाटलं तर फोनवर सांगा. आणि बाप्पा, सलाइन लावलेल्या माणसाचा फोटो पाठवू नका. मला असे फोटो आलेले आहेत. पोरांना वाटतं की पुराव्याशिवाय मॅडम विश्वास ठेवणार नाहीत. कागद लागलाच तर नंतर सुट्टीच्या कार्डाची झेरॉक्स देता येते, आणि तीही कोणी मागितली तर.

दुसरी अडचण त्या "सोमवारी नक्की येते" मध्ये होती. हे तिनं कशावरून लिहिलं? कशावरूनच नाही. मॅडमला वाईट वाटू नये म्हणून जवळची तारीख देऊन टाकली. सगळेच असं करतात.

फोनवर मी तिला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? ती म्हणाली, आता बरं वाटतंय, पण चार दिवस हलवायचं नाही म्हणतात. त्याला कारण आहे. फवारणीतली काही कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची असतात. त्यांच्या विषबाधेत पहिली लक्षणं ओसरल्यावर साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक कमजोर पडू शकतात. पेशंट उठून चहा पितो, घरचे म्हणतात सुट्टी द्या, आणि तेव्हाच श्वास अडकतो. म्हणून डॉक्टर सोडत नाहीत.

हिशेब करा. मंगळवार संध्याकाळपासून चार दिवस म्हणजे शनिवार संध्याकाळ. त्यानंतर सुट्टी, गावी नेणं, घरात अशक्त माणूस, आणि तिकडे वावरात उरलेलं काम. सोमवारी पहाटेची एसटी धरून ती मीटिंगला आली असती का? आली नसती. मग सोमवारी दुसरा माफीचा मेसेज आला असता. पहिल्या वेळी तारीख बदलली तर कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्या वेळी समितीतले बाहेरगावचे सदस्य कपाळाला आठ्या घालतात, कारण तेही त्यांची कामं सोडून येतात.

तेव्हा डॉक्टरांना "कधी बरे होतील" असं विचारू नका, त्याचं उत्तर कोणी देत नाही. "किती दिवस इथेच राहावं लागेल" असं विचारा. जो आकडा मिळेल त्यात घरी गेल्यावरचे चार-पाच दिवस मिळवा आणि तिथून पुढची तारीख मागा. दोन तारखा द्या. एकच दिली तर ती गाईडवर लादल्यासारखी वाटते, आणि "तुम्ही म्हणाल तेव्हा" लिहिलं तर सगळं जुळवायचं काम पुन्हा गाईडकडेच येतं. फक्त दोन्ही तारखा सेमिस्टर संपायच्या आत बसतात का, तेवढं बघून घ्या.

मग आम्ही दोघींनी फोनवरच मेसेज नव्यानं जुळवला. ती वॉर्डाबाहेर जिन्यात बसली होती. तिनं पुन्हा पाठवला तो हा.

(स्क्रीनवर दुसरा मेसेज. हळू वाचायचा.)

"आदरणीय मॅडम, गुरुवार १८ सप्टेंबर, सकाळी ११ वाजताच्या माझ्या प्रगती सादरीकरणाला मी येऊ शकणार नाही. माझे वडील काल रात्रीपासून मेडिकलला भरती आहेत आणि सोबत राहणारी मी एकटीच आहे. डॉक्टरांनी किमान शनिवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

सादरीकरण शनिवार २७ किंवा मंगळवार ३० सप्टेंबरला ठेवता येईल का? मी येणार हे आपल्याला बुधवारी, २४ तारखेला, पक्कं कळवते.

अहवालाची तयार १४ पानं आज मेलवर पाठवली आहेत. ८४ मुलाखतींचा मजुरीचा तक्ता बाकी आहे, तो २४ पर्यंत पाठवते. वॉर्डात नेटवर्क कमी असतं, फोन लागला नाही तर कृपया मेसेज ठेवावा.

आपली विद्यार्थिनी"

खाली तिचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक होता. गाईडला नाव माहीत असतं, बाबूंना नोंदणी क्रमांक लागतो.

पहिलं वाक्य बघा. तारीख, वेळ आणि येणार नाही, हे तिन्ही तिथेच आलं. लोक आधी आजाराची कथा लिहितात आणि मुद्दा आठव्या ओळीत येतो. गाईड तासावर असतात, फोनच्या पडद्यावर वर दोनच ओळी दिसतात. त्यात मुद्दा दिसला पाहिजे.

आणि तक्ता बाकी असल्याची ओळ. ती लिहायला ती तयार नव्हती. म्हणाली, "मॅडम, काम झालं नाही म्हणून बाबांचं कारण सांगते असं वाटेल." मला उलट वाटतं. गाईडच्या मनात ती शंका कधीकधी येते, खोटं काहून बोलू? पण झालेली १४ पानं मेलवर आली आणि राहिलेलं काम तुम्ही आपणहून सांगितलं, तर शंकेला जागाच राहत नाही. पानं कच्ची असली तरी पाठवा. लॅपटॉप गावात राहिला होता, तिनं ती मोबाइलवरूनच पाठवली.

तारीख बदलल्यानं नोंदणी रद्द होईल का, असंही तिनं घाबरून विचारलं. यूजीसीच्या त्या नियमांत रद्द करण्याची शिफारस येते ती प्रगती असमाधानकारक ठरल्यावर, समितीनं सुधारणा सुचवल्यावर आणि त्या सुधारणाही केल्या नाहीत तर. कळवून पुढे ढकललेली मीटिंग त्यात बसत नाही. फेलोशिप असेल तर मात्र प्रगती अहवालावर गाईडची सही कोणत्या तारखेच्या आत लागते ते बघा आणि मेसेजमध्ये तेवढी एक ओळ वाढवा.

एक बारीक गोष्ट राहिली. व्हॉट्सॲपवर मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह दिसत असेल, तर तो तुमच्या फोनमधून निघालेलाच नाही. एक टिक आली म्हणजे तुमच्याकडून गेला, दोन आल्या म्हणजे गाईडच्या फोनवर पोहोचला. गावात आणि वॉर्डात घड्याळ अर्धा अर्धा तास तसंच राहतं आणि आपण मात्र कळवलं म्हणून निवांत होतो. पाच मिनिटं घड्याळच दिसलं तर साधा एसएमएस टाका. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं, तर एक फोन करा. दहा मिस कॉल नकोत. व्हॉइस मेसेजही नको, कारण तो बाबूंना पुढे पाठवून काही उपयोग नसतो.

तिचा मेसेज मी होता तसा समितीला आणि ऑफिसला पाठवला. एक शब्द बदलला नाही. दुपारपर्यंत २७ तारीख ठरली. २४ ला तिनं कळवलं की बाबा घरी आले आहेत, मी येते आहे, तक्ता सोबत जोडला आहे. शनिवारी साडेअकराला ती समितीपुढे उभी राहिली. तक्त्यात दोन ठिकाणी बेरीज चुकली होती, ती बाहेरून आलेल्या सरांनी पाचव्या मिनिटाला पकडली.