परवानगी एकाची, पाणी दुसऱ्याचं: पुणे महानगराचं नियोजन नक्की कुणाकडे?

नमस्कार मंडळी!

सिंहगड रस्त्यानं खडकवासल्याच्या दिशेनं निघालात की धायरी फाटा मागे पडतो आणि नांदेड, किरकटवाडी ही गावं लागतात. गावं म्हणायची सवय आहे म्हणून म्हणायचं, नाहीतर दोन्ही बाजूंना बारा-पंधरा मजली टॉवर आहेत. आणि सोसायट्यांच्या गेटपाशी टँकर. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर, तरी टँकर.

आता दोन साधे प्रश्न विचारू. या इमारतींना बांधकाम परवानगी कुणी दिली? आणि यांना पाणी कुणी द्यायचं? दोन्ही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं आहेत. आजचा व्हिडिओ त्यावरच आहे.

[नकाशा: पुणे महानगर प्रदेश]

आधी मैदानात कोण कोण आहे ते बघू. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका. पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट बोर्डं, ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. तळेगाव, चाकण, आळंदी, लोणावळा, सासवड अशा नगरपरिषदा. हिंजवडी, चाकणसारख्या भागांत एमआयडीसी. आणि शेकडो ग्रामपंचायती. या सगळ्यांना एका नकाशात आणायला ३१ मार्च २०१५ ला पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं. क्षेत्र सुमारे सात हजार चौरस किलोमीटर. मावळ, मुळशी, हवेली हे तालुके आणि भोर, दौंड, शिरूर, खेड, पुरंदर, वेल्हे यांचे काही भाग. अध्यक्ष मुख्यमंत्री, कारभार बघायला आयएएस आयुक्त.

असं प्राधिकरण लागतं, यात वाद नाही. रिंगरोड काही ग्रामपंचायतीची हद्द बघून वळत नाही. (आता पुण्याभोवती रिंगरोड दोन आखले गेले, एक राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, म्हणजे एमएसआरडीसीचा, आणि एक पीएमआरडीएचा, ती गोष्ट वेगळी. त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू.)

पण नांदेडकडे परत येऊ.

३० जून २०२१ ला राज्य सरकारनं तेवीस गावं पुणे महापालिकेत घेतली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यातलीच. गाव महापालिकेत आलं की ग्रामपंचायत जाते आणि रस्ता, कचरा, दिवे, पाणी हे सगळं महापालिकेच्या अंगावर येतं. सर्वसाधारणपणे विकास आराखडा करायचा आणि बांधकाम परवानगी द्यायची कामंही तिच्याकडेच येतात. महापालिकेनं तशी तयारीही सुरू केली होती. पण जुलै महिन्यातच सरकारनं आदेश काढला की या तेवीस गावांसाठी नियोजन प्राधिकरण पीएमआरडीएच राहील. त्या वेळी महापालिकेत सत्ता भाजपची होती आणि राज्यात महाविकास आघाडीची. कारण कुणी उघड सांगितलं नाही, पण ते ओळखायला फार डोकं लागत नाही. मला जास्त बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. २०२२ मध्ये राज्यातलं सरकार बदललं, व्यवस्था मात्र तशीच चालू राहिली.

म्हणजे कागदावर काय झालं? गाव महापालिकेचं, नकाशा पीएमआरडीएचा.

यात पैसा कसा फिरतो ते नीट बघा, सगळी मेख तिथं आहे. बिल्डर परवानगीला जातो तेव्हा विकास शुल्क भरतो. जादा चटईक्षेत्र हवं असेल तर प्रीमियम भरतो. मोठ्या प्रकल्पात हे आकडे कोटींत जातात. हे पैसे घ्यायचे कशासाठी? इमारत झाली की तिथं रस्ता, जलवाहिनी, मलवाहिनी लागणार, त्याच्या खर्चाला हातभार म्हणून. तेवीस गावांत हे पैसे गेले पीएमआरडीएच्या तिजोरीत, कारण परवानगी त्यांची. आणि जलवाहिनी टाकायची महापालिकेनं, कारण हद्द त्यांची. महापालिका म्हणते, शुल्क तुम्ही घेतलंत, आमचा वाटा द्या. यावर पत्रापत्री झाली, बैठका झाल्या. तोवर टॉवर उभे राहिले.

आता हिशोब करू. समजा एका प्रकल्पात पाचशे फ्लॅट आहेत. घरटी चार माणसं धरा, म्हणजे दोन हजार माणसं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरलं जाणारं प्रमाण आहे माणशी दिवसाला १३५ लिटर. म्हणजे रोज दोन लाख सत्तर हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज सत्तावीस टँकर. एका प्रकल्पाला! बोअरनं निम्मं भागवलं तरी तेरा-चौदा टँकर राहतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये बोअरच आटते.

मग परवानगी मिळते कशी? तर हमीपत्रावर. महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही स्वखर्चानं पुरवू, असं बिल्डर लिहून देतो. सोसायटी स्थापन होते, ताबा दिला जातो, बिल्डर पुढच्या प्रकल्पावर जातो आणि टँकरचं बिल देखभाल खर्चात येऊन बसतं. हमीपत्र फाइलमध्ये. ते पाळलं जातंय का हे बघायचं कुणी? परवानगी देणारा म्हणतो पाणी आमचा विषय नाही, पाणी देणारा म्हणतो परवानगी आम्ही दिली नव्हती.

बरं, महापालिकेनं मनावर घेतलं तरी पाणी आणायचं कुठून? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी साठा. ते पाणी जलसंपदा खात्याचं. त्यातूनच पुणे पितं आणि त्याच कालव्यातून हवेली, दौंड, इंदापूरची शेती भिजते. महापालिका ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त उचलते, ही जलसंपदाची कायमची तक्रार. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दर वर्षी हीच रस्सीखेच असते. गावं आली म्हणून पाणी वाढवून द्या, असं म्हणायची वेळ तिथं महापालिकेवर येते. आणि समोर इंदापूरचा शेतकरी विचारतो, तुमचे टॉवर वाढले म्हणून माझं आवर्तन का कमी करायचं? त्याचं काय चुकलं, सांगा.

याचं गंभीर टोक जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. गुलेन बॅरी सिंड्रोम, जीबीएस, या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. रुग्णांचा मोठा गट नांदेड, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्यातला. नांदेड गावात एक मोठी विहीर आहे. खडकवासल्याचं पाणी त्या विहिरीत येतं आणि तिथून क्लोरिन टाकून गावांना जातं. पर्वतीला किंवा वारज्याला जसं जलशुद्धीकरण केंद्र आहे, तसं या पाण्याच्या वाटेत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या काळातली व्यवस्था, ग्रामपंचायतीच्या लोकसंख्येला पुरेल अशी. आजार नेमका कशानं पसरला यावर मतं वेगवेगळी आली, दूषित पाण्याचा संशय आला, कोंबडीचीही चर्चा झाली. त्या वादात आपण पडायला नको. पण गाव महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती आणि पाणी अजून विहिरीवरच होतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

[फलक: कलम २४३ झेडई]

आता तुम्ही म्हणाल, अरे, सगळ्यांना एकत्र बसवणारं काही नाहीच का? आहे. आणि ते थेट संविधानात आहे. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, कलम २४३ झेडई. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती. किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले: नगरसेवकांमधून आणि पंचायतींच्या प्रमुखांमधून, शहर-गाव लोकसंख्येच्या प्रमाणात. आणि समितीनं बघायचं काय? पाण्याची वाटणी, पायाभूत सुविधा, पर्यावरण, हे शब्दशः त्या कलमात लिहिलंय. म्हणजे हद्दीबाहेरच्या एखाद्या गावचा सरपंच, पुण्याचा नगरसेवक आणि इंदापूरच्या बाजूला असलेल्या दौंडच्या गावांचा प्रतिनिधी एका टेबलावर यावेत, अशी ती कल्पना आहे.

पुण्यात झालं काय, ते क्रमानं ऐका. पीएमआरडीएनं आपला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला ऑगस्ट २०२१ मध्ये. समितीतल्या निवडून द्यायच्या जागांसाठी मतदान झालं नोव्हेंबर २०२१ मध्ये. आराखडा आधी, तो करायचा अधिकार असलेले लोक नंतर! आणि मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसले. नगरसेवकच नाहीत, तर नगरसेवकांमधून आलेल्या सदस्यांचं काय वजन राहणार? ही त्या रचनेतली खरी कमजोर जागा आहे. खालची निवडणूक थांबली की वरची समिती आपोआप लुळी पडते.

इकडे आराखड्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. वादाचा मुद्दा हाच की आराखड्यावर अंतिम शब्द कुणाचा, प्राधिकरणाचा की समितीचा. आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द केला. चार वर्षं, सर्वेक्षण, सुनावण्या, सगळं बाजूला. त्या काळात परवानग्या मात्र थांबल्या नव्हत्या, त्या आधीच्या प्रादेशिक योजनेवर आणि नियमावलीवर चालूच होत्या.

मग पुण्यात या संस्थांना एकत्र काही जमतच नाही का? जमतं. बघा, पीएमपीएमएल. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एक झाल्या. तोटा भरायचा पुण्यानं ६० टक्के, पिंपरी-चिंचवडनं ४० टक्के. कुरबुरी होतात, पैसे उशिरा येतात, गाड्या बंद पडतात, सगळं मान्य. पण स्वारगेटहून निगडीला जाताना हद्दीवर बस बदलावी लागत नाही. कारण कुणी किती द्यायचे हे आधी ठरलं होतं. तेवीस गावांच्या बाबतीत हद्द ठरली, नकाशा कुणाचा ते ठरलं, फक्त विकास शुल्कातला किती रुपया पाइपसाठी जाणार ते ठरलं नाही.

दोन गावांनी तर दुसराच रस्ता धरला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं यांच्या उशाला पडला. २०१७ मध्ये गावं महापालिकेत आली, कर वाढला, सोयी आल्या नाहीत म्हणून ओरड झाली, आणि २०२४ मध्ये ती बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे टेबलावर आणखी एक खुर्ची वाढली.

तुम्ही या पट्ट्यात घर घेत असाल तर दोन कागद शेजारी ठेवून बघा. एक, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र: त्यावर सही कुणाची आहे? दुसरा, त्याच भागातल्या एखाद्या तयार घराचं मिळकतकराचं बिल: ते कुणाचं आहे? दोन्हींवर नावं वेगळी असतील तर बिल्डरकडे पाण्याच्या हमीपत्राची प्रत मागा. त्यात "महापालिकेचं पाणी येईपर्यंत" असं लिहिलं असेल, तर ते कधी येणार, कुठल्या टाकीवरून येणार, आणि त्या टाकीचं काम मंजूर आहे का, हे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी दहा रुपये.