उताणी, उभी, पालथी: कर्लची मूठ आणि कोपर वाकवणारे तीन स्नायू

(लालबागमधल्या एका व्यायामशाळेत जिम ट्रेनर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसल्या जागी एक करून बघा. उजवं कोपर काटकोनात वाकवा, बरगडीला टेकवा आणि तळहात जमिनीकडे करा. डाव्या हाताची बोटं उजव्या दंडावर, बायसेप्सच्या फुगवट्यावर ठेवा. आता कोपर तसूभरही न हलवता तळहात जोरात छताकडे वळवा. बोटांखाली गोळा टणक झाला ना? कोपराचा कोन तर बदललाच नाही. म्हणजे बायसेप्स फक्त कोपर वाकवणारा स्नायू नाही. हात उताणा करणं हे त्याचं तितकंच मोठं काम आहे. उजव्या हाताने स्क्रू पिळून घट्ट करताना जो जोर लागतो, तो बराचसा याचाच.

याचं कारण तो कुठे जोडलेला आहे यात आहे. कोपराखाली दोन हाडं असतात, अंगठ्याच्या बाजूला रेडिअस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. आपण तळहात उलटा-सुलटा करतो तेव्हा अल्ना जवळपास जागच्या जागी राहते आणि रेडिअस तिच्याभोवती फिरते. बायसेप्सचा कंडरा त्या फिरणाऱ्या रेडिअसवर, कोपराच्या जरा खाली एका उंचवट्यावर बसलेला आहे. हात पालथा केला की तो उंचवटा मागच्या बाजूला जातो आणि कंडरा हाडाभोवती गुंडाळला जातो. अशा वेळी बायसेप्सने ओढ घेतली तर तो आधी हात उताणा करायला बघणार. ते व्हायला नको असेल तर उलट दिशेला फिरवणाऱ्या स्नायूंना त्याच्याशी झुंजावं लागेल. ही झुंज टाळण्यासाठी मेंदू पालथ्या मुठीत बायसेप्सला मागे ठेवतो. पूर्ण बंद करत नाही. वजन वाढलं की तो कामाला लागतोच.

दुसरा स्नायू ब्रॅकियालिस. हा बायसेप्सच्या खाली दडलेला असतो, दंडाच्या खालच्या अर्ध्या भागात. बाहेरच्या कडेने, कोपराच्या चार बोटं वर दाबलंत तर हाताला लागतो. हा जोडला आहे अल्नाला, म्हणजे जी फिरत नाही त्या हाडाला. म्हणून तुम्ही मूठ उताणी धरा, उभी धरा की पालथी, ब्रॅकियालिसला काही फरक पडत नाही. त्याची ओढ तीच आणि तरफही तीच. १९५७ साली बास्माजियान आणि लतीफ यांनी स्नायूंमध्ये बारीक इलेक्ट्रोड घालून हे तपासलं. मूठ कशीही असो, वजन असो वा नसो, कोपर वाकताना ब्रॅकियालिस काम करताना दिसला. आकारानेही तो लहान नाही. आरशात दिसत नाही म्हणून आपण त्याला विसरतो, एवढंच.

तिसरा ब्रॅकिओरेडिअलिस. टेबलाच्या कडेखाली मूठ घालून, अंगठा वर ठेवून, टेबल उचलायचा प्रयत्न करा. कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूने जो दोर ताठ होतो तो हा. दंडाच्या हाडावर बराच वरून निघतो आणि थेट मनगटाजवळ रेडिअसला जोडतो. स्नायू बारीक आहे, पण कोपरापासून दूर असल्यामुळे त्याची तरफ तिघांत सर्वांत लांब. हात उताणा असो की पालथा, हा त्याला मधल्या, अंगठा वर असलेल्या स्थितीकडे ओढतो. त्यामुळे उभ्या मुठीत त्याची ओढ फिरवण्यात वाया जात नाही. विरारच्या गाडीत दाराजवळच्या खांबाला धरून आपण स्वतःला आत ओढून घेतो, तेव्हा मूठ उभी, म्हणजे हॅमर कर्लचीच असते.

आता थोडा हिशेब करू, घाबरू नका. हातात दहा किलोचं डंबेल आहे, हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर आहे आणि डंबेल कोपरापासून तीस सेंटिमीटरवर आहे. बायसेप्सचा कंडरा त्या क्षणी कोपराच्या आसापासून साधारण चार सेंटिमीटरवर असतो. एकट्या बायसेप्सने हे पेलायचं म्हटलं तर दहा गुणिले तीस भागिले चार, म्हणजे पंचाहत्तर किलोची ओढ लागेल. हाताचं स्वतःचं वजन तर मी धरलंच नाही. एकट्यावर एवढा भार शरीर सहसा टाकत नाही, तो वाटून घेतलेला असतो. ज्यांचा बायसेप्सचा खालचा कंडरा तुटतो त्यांच्याकडे बघितलं की हे पटतं. ऑपरेशन न करता राहिलेल्यांची कोपर वाकवण्याची ताकद साधारण तीस टक्के कमी होते आणि हात उताणा करण्याची साधारण चाळीस टक्के. बायसेप्स जवळजवळ कामातून गेला तरी वाकवण्याची बरीच ताकद शिल्लक राहते, कारण उरलेले दोघे आहेत. जाता जाता सांगतो, मिक्स ग्रिपने, म्हणजे एक हात उताणा आणि एक पालथा धरून, डेडलिफ्ट मारताना हा कंडरा तुटला तर तो बहुतेक उताण्या हाताचाच असतो. ज्याला त्या बाजूचं कोपर किंचित वाकवून बार खेचायची सवय आहे, त्याला वेळीच थांबवा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जिममध्ये एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "हॅमर मार, ब्रॅकियालिस बनेल. रिव्हर्स मार, अजून बनेल." हे अर्धंच खरं आहे. पालथ्या मुठीत, म्हणजे रिव्हर्स कर्लमध्ये, बायसेप्स मागे राहतो, म्हणून एकूण कामातला ब्रॅकियालिसचा वाटा वाढतो, हे बरोबर. पण वाटा वाढला म्हणजे भार वाढला असं होत नाही, कारण पालथ्या मुठीत तुम्ही वजनही कमी उचलता. आकडे निव्वळ समजण्यापुरते धरून चाला. उताण्या मुठीने बारा किलो उचलले, तर तीस सेंटिमीटरवर ३६० किलो-सेंटिमीटर जोर लागला. त्यातला ३५ टक्के ब्रॅकियालिसने घेतला असं मानलं तर १२६ झाले. पालथ्या मुठीने आठच किलो उचलता आले तर एकूण जोर २४०. वाटा ५० टक्क्यांवर गेला तरी त्याच्या पदरी १२० आले. म्हणजे ब्रॅकियालिसच्या दृष्टीने दोन्ही सेट जवळपास सारखेच. त्याला जास्त काम द्यायचं असेल तर उभी मूठ सोयीची, कारण तिच्यात वजन घटत नाही. बहुतेकांना हॅमरमध्ये उताण्या मुठीइतकं किंवा थोडं जास्तच पेलतं.

मग रिव्हर्स कर्लला एवढं कमी वजन का उचललं जातं? थोडं कारण बायसेप्स, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत कोपराच्या स्नायूंचा दोषच नसतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं उदाहरण देतो. उताण्या मुठीने बारा किलोचे दहा रेप्स, हॅमरने चौदा किलोचे आठ. रिव्हर्सला बारा किलो घेतले की चौथ्याच रेपला गाडी थांबायची. ट्रेनरचं निदान होतं "ब्रॅकियालिस वीक आहे". पण ब्रॅकियालिस वीक असता तर हॅमरला चौदा किलो आले कुठून? मुठीनुसार त्याची ताकद बदलतच नाही, हे आपण आत्ताच पाहिलं.

त्याला रिव्हर्स कर्ल मारायला लावला आणि मी कोपराऐवजी मनगटाकडे बघत बसलो. तिसऱ्या रेपला मनगट खाली झुकायला लागलं, पोरं मग कोपर पुढे काढून आणि पाठ मागे टाकून वजन वर ढकलतात, तसंच त्यानेही केलं. डंबेलचा दांडा मनगटापासून सात-आठ सेंटिमीटर पुढे असतो. मूठ उताणी असली की तो भार तळहाताच्या बाजूचे स्नायू घेतात, आणि ते दणकट असतात. मूठ पालथी केली की तोच भार मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंवर येतो, जे बरेच कमजोर. शिवाय दांडा जितका घट्ट आवळाल तितके बोटं मिटणारे स्नायूही मनगट खालीच ओढतात, कारण त्यांचे कंडरे मनगटावरूनच जातात. म्हणजे मनगट सरळ ठेवणाऱ्या त्या बिचाऱ्यांवर दुहेरी बोजा पडतो.

खात्री करायची सोपी तपासणी आहे. केबलला मनगटावर बांधायचा पट्टा लावा, हात पालथा ठेवा, मूठ सैल सोडा आणि कोपर वाकवा. मनगट कामातून वगळलं गेलं. या मुलाने तिथे हॅमरला लावतो त्याच्या जवळपास वजन सहज ओढलं. म्हणजे कमी पडत होतं मनगट. त्याचा रिव्हर्स कर्ल आठ किलोवर आणला, मनगट सरळ राहील तोवरच रेप मोजायचा असं ठरवलं आणि दंडाचं जड काम हॅमरकडे ठेवलं. ईझेड बार चालेल का, असं तो विचारत होता. चालेल. मूठ थोडी तिरकी राहते, मनगटाला बरं पडतं.

इथे एक धोका लक्षात ठेवा. रिव्हर्स कर्लनंतर कोपराखालचा मांसल भाग भरून आला तर ठीक. पण कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर बोटाने दाबल्यावर दुखत असेल आणि चहाचा कप उचलतानाही कळ येत असेल, तर ते कर्लचं पंप नव्हे. मनगटाचे तेच स्नायू त्या टोकाला जोडलेले असतात. अशा वेळी पालथी मूठ काही आठवडे बंद ठेवा.

प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, "सर, डंबेल कर्ल मारताना करंगळी आतल्या प्लेटला चिकटवून धरायची, म्हणजे बायसेप्स जास्त लागतो, असं सगळे सांगतात. खरं का?"

आपण डंबेल हातात घेऊन बघू. कोपर काटकोनात, तळहात वर. करंगळी आतल्या प्लेटला चिकटवली तर डंबेलचा जास्त भाग अंगठ्याच्या बाजूला, म्हणजे बाहेर राहिला. ती बाजू जड झाल्यामुळे खाली जाते आणि हात आपोआप अजून उताणा होतो. म्हणजे बायसेप्सचं फिरवण्याचं काम डंबेलनेच करून टाकलं. उलट अंगठ्याची बाजू बाहेरच्या प्लेटला टेकवून धरा. आता करंगळीची बाजू जड झाली, ती हात पालथा करायला बघते आणि तो उताणा ठेवायला बायसेप्सला झटावं लागतं. दहा किलोच्या डंबेलला दोन सेंटिमीटरचा फरक दिला तरी वीस किलो-सेंटिमीटरचा पीळ मिळतो.

हा पीळ सगळ्यात जास्त मिळतो तो हात जमिनीला समांतर असताना. डंबेल वर खांद्यापाशी नेल्यावर हाताचा पुढचा भाग जवळपास उभा झालेला असतो. तिथे मनगट फिरवलं तर डंबेल आडवंच्या आडवं गोल फिरतं, कुठलीच बाजू वर उचलावी लागत नाही. म्हणून "वर नेऊन पिळा" असं सांगत असाल तर ते बदला. हॅमरने सुरू करा आणि अर्ध्या उंचीवर यायच्या आत तळहात पूर्ण वर वळवा.